मदत हवी आहे: फोनवर मेलच्या ओळी मध्येच तुटतात

घाईत_आहे: संध्याकाळच्या आत ग्राहकांना विक्रीची मेल पाठवायची आहे. लॅपटॉपवर सुबक दिसते. फोनवर एक ओळ लांब, खाली दोनच शब्द, परत लांब. दात पडलेल्या फणीसारखी! फाँट लहान केला, उपयोग शून्य. लवकर सांगा.

चष्मेवाली: मजकूर कुठे लिहिलात?

घाईत_आहे: मेलमध्येच. अजून कुठे लिहिणार?

सरळरेघ: आधी विषयाची ओळ छोटी करा. लोक तेवढीच वाचतात.

घाईत_आहे: विषयाचं विचारलंच नाहीये हो.

टिचकी: सोपं आहे. फोनवर ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात, तेवढ्यावर एंटर मारत जा. माझ्या फोनवर झकास दिसतं.

चष्मेवाली: तुमच्या फोनवर! ज्याने अक्षर मोठं ठेवलंय त्याच्याकडे तीसच मावतील, उरलेली खाली लोंबतील. धागाकर्त्यांचा रोग तोच वाटतोय. ओळींच्या शेवटी एंटर आहेत का?

घाईत_आहे: मी नाही मारले. मजकूर माहितीपत्रकाच्या पीडीएफमधून उचललाय. हे सांगायला हवं होतं का?

चष्मेवाली: तिथेच तर घोळ आहे. पीडीएफमधून कॉपी केलं की बऱ्याचदा छापील ओळ जिथे संपते तिथे एंटर येतो. लॅपटॉपवर ओळ पूर्ण मावते, म्हणून कळत नाही. मेलची खिडकी ओढून अरुंद करा, लगेच फणी दिसेल. परिच्छेदातला प्रत्येक एंटर काढून तिथे एक स्पेस द्या. ओळी फोन स्वतः तोडेल. आपण फक्त परिच्छेद तोडायचे. पहिला परिच्छेद टाका बघू.

घाईत_आहे: "आमचे बिलिंग सॉफ्टवेअर सहा वर्षांच्या अनुभवातून घडले असून त्यात साठा, उधारी व कर यांचे हिशोब एकत्र होतात आणि त्याचा एक महिना विनामूल्य वापर उपलब्ध असून त्यासाठी या मेलला उत्तर द्यावे."

चष्मेवाली: फोनवर ही सहा-सात ओळींची भिंत होईल. असं करा:

"साठा, उधारी आणि कर यांचे हिशोब एकाच ठिकाणी होतील. वेगवेगळ्या वह्या नकोत.

महिनाभर विनामूल्य वापरून पाहा.

हवं असेल तर या मेलला फक्त 'हो' असं उत्तर द्या."

मध्ये एकेक रिकामी ओळ ठेवा. सहा वर्षं मी गाळली.

टिचकी: मग प्रत्येक वाक्य सुटंच का नाही ठेवत?

चष्मेवाली: सगळीच सुटी केली तर यादी वाटते, आणि 'हो' म्हणायची ओळ त्यात हरवते. पहिली दोन वाक्यं एकाच मुद्द्याची, म्हणून एकत्र.

सरळरेघ: मी तर सगळा मजकूर चित्रात टाकतो. तुटायची भानगडच नाही.

चष्मेवाली: चित्र अडवलेलं असेल तर समोरच्याला कोरी मेल दिसेल. आणि फोनवर चित्र आक्रसलं की अक्षरंही बारीक.

सरळरेघ: आमच्याकडे कुणी तक्रार केली नाही.

घाईत_आहे: एंटर काढले, माझ्या फोनवर नीट आलं! पण सहकाऱ्याला चाचणी पाठवली तर त्याच्याकडे अजून तुटकं.

चष्मेवाली: मेल प्लेन टेक्स्टमध्ये जातेय का? तसं असेल तर काही प्रोग्राम पाठवताना ७८ अक्षरांच्या आसपास स्वतःच ओळ तोडतात.

घाईत_आहे: ते कुठे दिसतं?

चष्मेवाली: कशातून पाठवताय ते अजून सांगितलंच नाहीत.