मदत हवी आहे: टाइल ८.८ मिमी, तर कोपऱ्याची ट्रिम १० ची घेऊ की १२ ची?

सिडकोवाली

नाशिकला आमच्या जुन्या फ्लॅटच्या बाथरूमचं काम सुरू आहे. भिंतीला ३०० × ६०० ची सिरॅमिक टाइल घेतली आहे. बाहेर आलेले कोपरे दोन ठिकाणी आहेत: खिडकीच्या चारही बाजू आणि कमोडच्या मागचा पाइप झाकायला केलेला कट्टा. मला तिथे पंचेचाळीसचा कट नको आहे. आधीच्या बाथरूममध्ये तो कट होता आणि त्याचे टवके उडाले होते. म्हणून ट्रिम लावायची ठरवली.

घोळ मापाचा आहे. खोक्यावर जाडी ९ मिमी लिहिली आहे, व्हर्नियरने मोजली तर ८.८ भरते. दुकानदार म्हणतो १० ची ट्रिम घ्या. मिस्त्री म्हणतो १२ ची आणा, १० ची कमी पडेल. त्यात खिडकीशेजारून एक नक्षीच्या हायलाइटर टाइलचा उभा पट्टा जातो, त्याची जाडी १०.२ निघाली. शिवाय दुकानात पीव्हीसी, ॲल्युमिनियम आणि सोनेरी स्टील असे तीन प्रकार दाखवले. पाणी बोअरचं आहे, नळांवर पांढरे थर बसतात.

स्वयंपाकघरात ओट्यावरचा डॅडो जिथे संपतो तिथेही वरून पट्टी लावायचा विचार आहे. एकच माप दोन्हीकडे चालेल का?

पिंपरीकर_७८

सरळ हिशेब आहे ताई. टाइल ९ ची तर ट्रिम १० ची, टाइल १० ची तर ट्रिम १२ ची. नेहमी एक नंबर वरचा घ्यायचा. आणि स्टील घेणार असाल तर लोहचुंबक घेऊन जा. चिकटला तर माल खोटा, नाही चिकटला तर चांगल्या ग्रेडचं, ३०४ स्टील.

हर्षद ठाणे

बाथरूमच्या उंबऱ्याला मी ॲल्युमिनियमची पट्टी लावली होती, पायाला लागते. त्यापेक्षा ग्रॅनाइटचा उंबरा बरा.

सिडकोवाली

हर्षददादा, उंबरा ग्रॅनाइटचाच आहे. मी भिंतीच्या कोपऱ्याबद्दल विचारते आहे.

गुण्या

टाइलचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रिमला दोन अंग असतात. एक दिसणारा काठ, आणि दुसरा भोकं पाडलेला पाय, जो टाइलच्या मागे जातो. पायाखाली ॲडेसिव्ह असतं, पाय त्यात दाबून बसवतात, भोकांतून ॲडेसिव्ह वर येतं आणि त्यावर टाइल बसते. म्हणजे टाइल आणि पाय यांच्यामध्येही ॲडेसिव्हचा एक पातळ थर राहतो. टाइलचा चेहरा आणि ट्रिमचा काठ एका पातळीत यायचा असेल, तर पायाच्या वरच्या अंगापासून काठापर्यंतची उंची ही टाइलची जाडी अधिक हा पातळ थर, एवढी हवी. तुमच्या बाबतीत ८.८ अधिक साधारण १, म्हणजे ९.८.

पट्टीवर लिहिलेला १० हा आकडा आतल्या उंचीचा आहे की पायाची जाडी धरून बाहेरून मोजलेला, हे कंपनीगणिक बदलतं. पाय १ मिमीचा असेल आणि १० हे बाहेरचं माप असेल, तर आत फक्त ९ उरतात आणि टाइल जवळजवळ १ मिमी पुढे येते. तुमचा मिस्त्री अशाच पट्टीने एकदा पोळला असेल. १० हे आतलं माप असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे. म्हणून व्हर्नियर दुकानात न्या आणि आतून मोजा.

त्याहून सोपी खात्री करून घ्यायची असेल तर टाइलचा एक तुकडा सोबत घ्या. ट्रिमच्या पायावर जुनं एटीएम कार्ड ठेवा, त्यावर तुकडा ठेवा आणि काठावरून नख फिरवा. कार्ड पाऊण मिमीच्या आसपास असतं, ॲडेसिव्हच्या थराच्या जवळ जाणारं. नख टाइलवर अडकलं तर ट्रिम कमी पडते आहे, ट्रिमवर अडकलं तर जास्त होते आहे. तुकडा पाठीच्या रेघांसकट हवा, कारण जाडीत त्या रेघाही येतात. चार वेगवेगळ्या खोक्यांतल्या टाइल मोजा, पाव-अर्धा मिमी फरक निघतो. हिशेब सगळ्यात जाड टाइलवर करायचा.

पिंपरीकर_७८

म्हणजे मी तेच म्हटलं ना, एक नंबर वरचा.

गुण्या

तुमचा नियम बऱ्याचदा लागू पडतो, पण १० च्या टाइलला थेट १२.५ ची पट्टी दिली तर काठ दीड मिमी बाहेर राहतो. तो भरून काढायला मिस्त्री कोपऱ्यात ॲडेसिव्ह जाड करतो आणि पूर्ण भिंत ओळंब्यातून सुटते. किंवा फक्त शेवटची टाइल उचलतो, मग ती तिरपी दिसते. रात्री आरशाचा दिवा बाजूने पडला की लगेच कळतं.

लोहचुंबकाचंही तसंच. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्त २०२ लाही चिकटत नाही. उलट वाकवलेल्या जागी ३०४ सुद्धा थोडं ओढतं. बाजारात ३०४ म्हणून २०२ च खपवतात, आणि चुंबकाने तो फरक कळत नाही. भंगारवाले थेंब टाकून रंग बघतात, ती चाचणी त्यापेक्षा भरवशाची. नाहीतर बिलावर ग्रेड लिहून मागायची.

सिडकोवाली

बाप रे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हायलाइटरचं काय करू? तो पट्टा खिडकीच्या कडेला येऊन संपतो.

गुण्या

हायलाइटर भिंतीच्या मध्ये असता तर प्रश्न नव्हता, त्याच्यामागे ॲडेसिव्ह थोडं कमी लावलं की चेहरा जुळतो. तो ट्रिमला टेकतो, म्हणून खिडकीच्या त्या बाजूचा हिशेब १०.२ अधिक १, म्हणजे ११.२ होतो. आता त्या बाजूला ११ ची पट्टी लावली आणि बाकी तीन बाजूंना १० ची, तर खिडकीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या जुळणार नाहीत. मी असतो तर पट्टा एक टाइल आत सरकवला असता, म्हणजे चारही बाजूंना साधी टाइल येते आणि एकच ट्रिम चालते.

दोन गोष्टी मिस्त्रीला आधीच सांगा. टाइल ट्रिमला घट्ट चिकटवू नका, दीड-दोन मिमी फट ठेवून त्यात ग्राउट भरा. आणि खिडकीच्या खालच्या बाजूला आतल्या अंगाला किंचित उतार द्या, नाहीतर पाणी ट्रिमपाशी साचून राहील.

अनुराधा_मडगाव

माझं काम होऊन गेलं आहे. कोपरे तसेच उघडे आहेत, टाइलची लाल कड दिसते. आता ट्रिम लावता येईल का? आणि शेजारच्या घरी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर वर्षभरात पांढरे, खरबरीत डाग आलेत. समुद्राची हवा म्हणून का?

गुण्या

अनुराधाताई, पाय मागे घालायची ट्रिम आता बसणार नाही, टाइल काढाव्या लागतील. वरून चिकटवायचा साधा एल अँगल मिळतो, तो न्यूट्रल सिलिकॉनने लावता येतो. आंबट वासाचं सिलिकॉन धातूला नको. टाइलवर त्याची कड थोडी उंच दिसणार, ते मान्य असेल तर लावा.

डागांना खारी हवा कारण असू शकते, पण मी आधी विचारीन की काम संपल्यावर ॲसिडने टाइल धुतल्या होत्या का. आपल्याकडे सिमेंटचे ओघळ काढायला मिस्त्री सर्रास ॲसिड मारतात. त्याने ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइझचा थर जातो आणि स्टीललाही बारीक खड्डे पडतात. दुसरं, ओलं सिमेंटसुद्धा ॲल्युमिनियमला खातं. ग्राउटिंग करताना ओघळ तसाच सुकू दिला तर तिथे करडा डाग राहतो आणि पुसून जात नाही. तिथल्या तिथे ओल्या स्पंजने पुसायचं.

अनुराधा_मडगाव

ॲसिड मारलं होतं, विचारून आले. पण मारलं नसतं तर ॲल्युमिनियम टिकलं असतं का गोव्यात?

कोकणी मेवा

आमच्या मालवणच्या घरी ३०४ लावलं आहे, त्यावरही चहासारखे तांबूस डाग येतात. पुसले की जातात, पुन्हा येतात. ३१६ घ्यायला हवं होतं म्हणतात, पण गावातल्या दुकानात ते मिळालंच नाही.

पिंपरीकर_७८

मग पीव्हीसी घ्या ना! ना गंज, ना ॲसिडची भीती. उगाच खर्च कशाला.

गुण्या

बाथरूममध्ये पीव्हीसी वाईट नाही, खिडकीपाशी ऊन येत नसेल तर. उन्हात पिवळी पडते आणि बादलीचा ठोका बसला की चिरते. पण स्वयंपाकघरात शेगडीमागे अजिबात लावू नका. कढई मागे सरकवली की तिथली पट्टी मऊ पडून वाकते. डॅडोच्या वरच्या काठाला ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियम पुरेसं आहे, तिथे पाणी साचत नाही. माप मात्र डॅडोच्या टाइलवरून वेगळं काढा, बाथरूमचं तिथे लावू नका.

बोअरच्या पाण्याला सोनेरी स्टील का घ्यावं, हे मला अजून पटलेलं नाही. क्षाराचा थर काढायला लोक टॉयलेट क्लीनर लावतात, आणि रंग उडाला की तिथे रुपेरी ठिपका दिसतो. ब्रश फिनिशच्या साध्या ३०४ वर थर बसला तरी कमी उठून दिसतो.

सिडकोवाली

आज दुकानात व्हर्नियर घेऊन गेले. दोन कंपन्यांची १० ची पट्टी मोजली. एकीचं आतलं माप ९ निघालं, दुसरीचं १०. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. दुसरी घेतली, ३०४ ब्रश फिनिश, बिलावर ग्रेड लिहून घेतली. कार्ड ठेवून बघितलं, काठ केसभर वर लागतो. चालेल ना? हायलाइटर एक टाइल आत घेतला.

मिस्त्री मात्र ॲडेसिव्हऐवजी सिमेंटच्या मालात टाइल लावतो म्हणतोय.

गुण्या

९.८ ला १० म्हणजे छान जुळलं. काठ वर असावा की खाली, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही जण ट्रिम टाइलपेक्षा अर्धा मिमी खालीच हवी म्हणतात, म्हणजे पुसताना फडकं अडकत नाही. मला किंचित वर आवडते, टाइलची कड झाकली जाते. केसभराने दोन्हीकडे काही बिघडत नाही.

मालाचं मात्र ऐकू नका. पंधरा-वीस मिमी मालात पाय नीट धरत नाही, कोपरा दाबला की पट्टी हलते, आणि मागे पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं. भिंत वेडीवाकडी असेल तर आधी गिलाव्याने सरळ करून घ्या, पूर्ण सुकू द्या, मग ॲडेसिव्ह. निदान कोपऱ्यापासूनची पहिली टाइल तरी ॲडेसिव्हवर लावायला सांगा.

नवीनच_घर

मध्येच विचारतो. खिडकीच्या कोपऱ्यात दोन ट्रिम भेटतात तिथे ग्राइंडरने कापल्या, कडा निळ्या-काळ्या झाल्या. काय चुकलं?

गुण्या

चकती तापली. स्टीलला एक मिमीची धातूची पातळ चकती लावा, थांबत थांबत कापा, शेवटी कानस फिरवा. ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी बारीक दातांच्या हॅक्सॉने हातानेच. कापताना चेहऱ्याला मास्किंग टेप लावा.

सिडकोवालीताई, पट्टीवरची प्लास्टिकची फिल्म टाइल लावण्याआधी पायाच्या बाजूची एवढी सोलून ठेवा. ती टाइलमागे अडकली की नंतर ओढताना फाटते आणि ग्राउटमधून पांढरी चिंधी डोकावते. चेहऱ्यावरची फिल्म ग्राउटिंग झाल्यावर काढा.