जुन्या चित्रफितीतील पसरट चेहरे: दुरुस्ती फाईलमध्येच करावी

> लग्नाच्या कॅसेटची एमपी४ करून घेतली, पण टीव्हीवर चेहरे पसरट दिसतात. 4:3 निवडले की ठीक होते, मात्र दर वेळी बदलावे लागते.

आपला टीव्ही निर्दोष असून चूक फाईलवरील नोंदीत असावी, असे मला वाटते. आपल्याकडील कॅसेटचे रूपांतर बहुधा 720×576 बिंदूंत होते आणि हे बिंदू चौरस नसल्यामुळे चित्र किती रुंद दाखवायचे, हे फाईलमधील गुणोत्तराच्या नोंदीवर ठरते. नोंद 4:3 असेल तर रुंदी 768 इतकी होते. चुकून 16:9 असेल तर 1024, म्हणजे एक तृतीयांशाने जास्त. नोंदच नसेल तर उलट चेहरे किंचित उभट दिसतात, आणि हा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

संगणकावर ffmpeg या प्रोग्रॅमला पुढील आज्ञा देऊन ही नोंद बदलता येते:

```
ffmpeg -i lagna.mp4 -aspect 4:3 -c copy lagna43.mp4
```

यात चित्र पुन्हा दाबले जात नाही, त्यामुळे दर्जा जराही घटत नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी. काही टीव्ही पेनड्राइव्हवरील फाईलची ही नोंद वाचतच नाहीत. तिथे चित्र नव्याने 768×576 चौरस बिंदूंत करून घेण्यावाचून इलाज नाही.

खात्रीसाठी भिंतीवरचे गोल घड्याळ किंवा समोरून दिसणारे आरतीचे ताट यांवर चित्र थांबवून पडद्यावर पट्टी लावावी. रुंदी आणि उंची सारखी भरली पाहिजे. 1920×1080 च्या पडद्यावर दोन्ही बाजूंना 240 बिंदूंचे काळे पट्टे राहतील. ते घालवण्यासाठी ‘झूम’ केल्यास वरखालचा भाग कापला जाऊन उभ्या माणसांची डोकी जातात.