पीनट बटरच्या बरणीत वर तेल आलंय, खराब झालं का? लेबल कसं वाचायचं?

मीठभाकर:
मुलाच्या डब्यासाठी पहिल्यांदाच पीनट बटर घेतलं, एक किलोची बरणी. उघडली तर वर बोटभर तेल. सासूबाई म्हणाल्या, "तेल ओतून टाक, बाधेल पोराला." मी अर्धी वाटी तेल फोडणीसाठी काढून ठेवलं. आता खालचा भाग असा घट्ट झालाय की चमचा वाकतोय. आधी दुसऱ्या कंपनीचं आणायचो, ते शेवटपर्यंत मऊ असायचं. मग हे खराब आहे का? दोन्ही बरण्यांची लेबलं बघतेय, पण काय बघायचं तेच कळत नाहीये.

दाणेकूट:
ताई, तेल का काढलंत! ते वरून घातलेलं नाही, त्याच दाण्यांचं आहे. दाण्याच्या वजनात साधारण निम्मं तेलच असतं. दाणे दळले की ते सुटं होतं, आणि बरणी महिनाभर फळीवर उभी राहिली की दाण्याचा जड गर हळूहळू खाली बसतो, तेल वर येतं. यात बाधण्यासारखं काही नाही. फोडणीतलं उरलं असेल तर परत ओता, नाहीतर दोन-तीन चमचे शेंगदाणा तेल घाला. सुरीच्या मागच्या टोकाने तळापासून ढवळा, वरवर ढवळून उपयोग नाही. एकदा एकजीव झालं की फ्रीजमध्ये ठेवा, मग पुन्हा सुटायला वेळ लागतो. पुढची बरणी घ्याल तेव्हा उघडायच्या आधी एक रात्र उलटी ठेवून बघा.

चहाबाज_पुणे:
मी तर घरीच करते. मिक्सरमध्ये आधी कूट होतं, मग लाडवासारखा गोळा, आणि थांबून थांबून फिरवत राहिलं की अचानक सैल होतं. मग बाहेरून कशाला आणायचं? तुमच्याकडे कोणता मिक्सर आहे?

मीठभाकर:
मिक्सर साधा आहे, तापतो लगेच. प्रश्न लेबलचा आहे हो. जुन्या बरणीवर असं आहे: भाजलेले शेंगदाणे ७८%, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मीठ. १०० ग्रॅममध्ये एकूण साखर १८, त्यातली घातलेली १४. नवीवर फक्त शेंगदाणे १००%, एकूण साखर ५, घातलेली ०.

रोखठोक:
हायड्रोजनेटेड म्हणजे ट्रान्स फॅट, म्हणजे विष. फेका ती बरणी.

दाणेकूट:
रोखठोक, अर्धं बरोबर. हायड्रोजनेशन म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करणं, आणि ट्रान्स फॅट होतं ते अर्धवट हायड्रोजनेशनमध्ये. पूर्ण केलं तर ट्रान्स फॅट जवळजवळ उरतच नाही, तेल मात्र मेणासारखं घट्ट होतं. त्याचे बारीक कण दाण्याचं तेल धरून ठेवतात, म्हणूनच जुनी बरणी मऊ राहायची. घटकांच्या यादीत पूर्ण की अर्धवट हे नेहमी लिहिलेलं नसतं, म्हणून खाली पोषणाच्या तक्त्यात ट्रान्स फॅटचा आकडा बघा. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटला २% ची मर्यादाही आहे.

आता तुमचा हिशोब. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून साखर दुसऱ्या नंबरवर आहे. ७८ गेले, २२ उरले. त्यात साखर १४, मीठ एखादा ग्रॅम धरा, म्हणजे बाकी सुमारे ७ ग्रॅम ते घट्ट तेल. एकूण १८ मधले उरलेले ४ दाण्यांचे स्वतःचे, नव्या बरणीतले ५ ही तसेच. दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम. त्यात घातलेली साखर साडेचार ग्रॅम, जवळपास एक चहाचा चमचा. समोर ‘हाय प्रोटीन’ लिहिलंय का ते सोडा, मागची ही ओळ वाचा.

चहाबाज_पुणे:
माझ्या बहिणीकडे गुळाचं असतं, त्यावर "साखर नाही" लिहिलंय. ते चालेल ना?

दाणेकूट:
गूळ असला तरी गोडच तो. आकडा बघा, नाव नको.

रोखठोक:
आणि पाम तेलवाल्यांचं काय? ते हायड्रोजनेटेड नाही म्हणून मिरवतात.

दाणेकूट:
पाम तेल मुळातच थोडं घट्ट असतं, म्हणून ते काम करतं. त्यात सॅच्युरेटेड फॅट दाण्याच्या तेलापेक्षा बरंच जास्त. पण इतक्याशा प्रमाणात किती फरक पडतो, यावर माझं आणि घरच्या डॉक्टरांचं अजून जमत नाही.

मीठभाकर:
मग खराब झालं हे कळणार कसं? तेल तर नेहमीच वर येणार.

दाणेकूट:
वासाने. जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास, किंवा जिभेवर कडूपणा आला तर टाका. बुरशी दिसली तर फक्त तो भाग नाही, सगळी बरणी टाका. आणि ओला चमचा घालू नका.

मीठभाकर:
तीन चमचे तेल घालून ढवळलं. वीस मिनिटं हात दुखला, पण झालं सैल. वासही भाजलेल्या दाण्यांचाच आहे. सासूबाईंनी मात्र पोळीला लावून खाल्ल्यावर विचारलं, "यात साखर कुठंय?"