‘रिव्हर्ट’ करतो म्हणजे नक्की काय करतो?

शिरोलीकर : आमच्या फाउंड्रीतून जर्मन ग्राहकाला गेलेली मेल अशी होती: ‘वुई विल रिव्हर्ट ऑन रिव्हिजन सी बाय मंडे. किंडली डू द नीडफुल.’ ड्रॉइंगची बी रिव्हिजन बदलून सी आली होती. ती तपासून सोमवारी उत्तर देतो, एवढंच सांगायचं होतं. तिकडून विचारणा आली की तुम्ही पुन्हा बी रिव्हिजनवर का जाताय? ‘रिव्हर्ट’ हा शब्द चुकीचा आहे का? त्याजागी काय लिहावं?

गंगावेस : मराठीत यासाठी ‘उलटटपाली कळवणे’ असा सुरेख प्रयोग आहे. ‘प्रतिसाद देणे’ त्यापुढं अगदीच कोरडं वाटतं. उलटटपाली लिहा.

शिरोलीकर : काका, मेल इंग्रजीतच जायची आहे. मराठी प्रतिशब्द नको होता.

उद्यमनगर : ‘रिव्हर्ट’ चूकच आहे. शुद्ध इंग्रजीत ‘वुई विल गेट बॅक टू यू’ म्हणतात. इंग्रज माणूस असंच लिहितो. तेवढं बदला, काम झालं.

रंकाळा : उद्यमनगर, अर्धं बरोबर आहे तुमचं. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. ‘उत्तर देणं’ हा अर्थ आपल्याकडं रुजलेला आहे आणि मोठ्या इंग्रजी कोशांत तो ‘भारतीय इंग्रजी’ अशा शेऱ्यानं मिळतो. म्हणून दिल्लीला किंवा चेन्नईला तो चालतो. जर्मन माणूस कोश उघडतो तेव्हा त्याला पहिला अर्थ दिसतो, आणि समोर ड्रॉइंगची रिव्हिजन असली तर तोच अर्थ चपखल बसतो. शिरोलीकरांच्या ग्राहकानं चुकीचं वाचलं नाही, जे लिहिलं होतं तेच वाचलं. त्यात आपला धंदा ओतकामाचा. रायझर, रनर कापून परत भट्टीत टाकतो त्या मालाला आपण ‘रिटर्न’ म्हणतो, पण बाहेर कित्येक ठिकाणी त्याला ‘रिव्हर्ट’ म्हणतात. एकाच मेलमध्ये या शब्दाचे तीन अर्थ निघू शकतात.

पण ‘गेट बॅक’ हा त्यावरचा उपाय नाही. ‘गेट’ आणि ‘बॅक’ वेगवेगळे बघितले तर ‘परत मिळवणे’ असाही अर्थ निघतो. इंग्रजी ज्याची मातृभाषा, त्याला हे जोडशब्द सोपे वाटतात. शिकून इंग्रजी लिहिणाऱ्याला तेच सगळ्यात जड जातात. ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘कॅरी आउट’ यांत दोन छोटे शब्द ओळखीचे असतात, पण जोडीचा अर्थ त्यांतून कळत नाही. ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘डू’ लिहा. इथं सरळ ‘रिप्लाय’.

सुभाषनगर : आमचं चपलांचं वेगळंच झालंय. जपानच्या पार्टीला विचारलं, ‘डोन्ट यू नीड अ सॅम्पल बिफोर डिस्पॅच?’ उत्तर आलं ‘येस’. म्हणून आम्ही सॅम्पलचे दोन जोड पाठवले, तर त्यांना नकोच होते. आता ‘येस’ला दुसरा कुठला शब्द घालायचा भावा?

रंकाळा : सुभाषनगर, ‘येस’ला बदली शब्द नको, प्रश्नातला नकार काढा. घरात आपण विचारतो, ‘चहा नको ना?’ आणि समोरचा म्हणतो, ‘हो, नको.’ जपानीतही ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणताय ते बरोबर’. इंग्रजीत मात्र ‘येस’ म्हणजे ‘हवंय’. त्यांनी जपानी पद्धतीनं ‘हो, नको’ म्हटलं आणि तुम्ही ते इंग्रजी पद्धतीनं वाचलं. ‘डू यू नीड अ सॅम्पल?’ असं सरळ विचारा. त्याहून बरं म्हणजे दोन पर्याय द्या, ए: सॅम्पल पाठवा, बी: सॅम्पल नको, आणि उत्तरात फक्त अक्षर मागा.

कागल पंचतारांकित : शिरोलीकरांच्या वाक्यात ‘रिव्हर्ट’पेक्षा ‘बाय मंडे’ जास्त धोक्याचं आहे. जर्मनमध्ये ‘बिस’ हा एकच शब्द दोन कामं करतो: सोमवारच्या आत, आणि सोमवार येईपर्यंत सतत. त्यामुळं त्यांच्या मेलमध्ये ‘सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असं येतं आणि त्यांना म्हणायचं असतं शुक्रवारच्या आत.

रंकाळा : आणि मराठीही तशीच आहे. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’, दोन्हीकडं ‘पर्यंत’च. म्हणून आपणही ‘बाय’ आणि ‘टिल’ची अदलाबदल करतो आणि ती आपल्याला खुपत नाही. दोन्ही बाजूंना एकच खोड असली की चूक कुणाच्याच नजरेला येत नाही. ‘होल्ड द शिपमेंट टिल 15 जून’ यात पंधराला माल निघणार की सोळाला? ‘डू नॉट शिप बिफोर 16 जून’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही. मुदतीसाठी ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा, पुढं वार आणि पूर्ण तारीख. महिना अक्षरांत लिहावा, कारण 05/06 अमेरिकेत 6 मे होतो. वार आणि तारीख जुळली नाही तर समोरचा लगेच विचारतो, म्हणजे तारखेत चूक झाली तरी वारामुळं ती पकडली जाते.

उद्यमनगर : बरं, मग ‘डू द नीडफुल’चं काय? एवढ्या आदरानं लिहिलेलं वाक्य काढून टाकायचं?

रंकाळा : आदर ‘प्लीज’मध्ये आला. ‘नीडफुल’मध्ये नेमकं काम कुठलं, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं असतं आणि तिथंच उत्तर अडकतं. शिरोलीकर, तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं होतं?

शिरोलीकर : पॅटर्न बदलायच्या खर्चाला मंजुरी.

रंकाळा : मग तेच लिहा. मेल अशी होईल:

‘वुई रिसीव्ह्ड ड्रॉइंग रिव्हिजन सी. वुई विल चेक इट. वुई विल सेंड अवर रिप्लाय ऑन ऑर बिफोर मंडे, 9 जून 2025. प्लीज अप्रूव्ह द कॉस्ट ऑफ द पॅटर्न चेंज. द क्वोटेशन इज अटॅच्ड.’

वाक्यं पाच, प्रत्येकात एकच गोष्ट. ड्रॉइंगला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘ड्रॉइंग’च म्हणायचं, मध्येच ‘प्रिंट’ किंवा ‘डॉक्युमेंट’ नाही. मराठी निबंधात तोच शब्द पुन्हा आला की मास्तर खूण करायचे, इथं नेमकं उलट. शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं वस्तू बदलली. विमानदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी एएसडी-एसटीई100 नावाचं नियंत्रित इंग्रजी आहे, त्यातही एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागून येणं’, सूचना पाळायला ‘ओबे’. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं आणि माहिती देणारं 25 शब्दांचं. मेलला एवढं कडक असायची गरज नाही, पण वीसच्या पुढं गेलेलं वाक्य तोडता येतं का, हे बघावं.

कागल पंचतारांकित : मला एक पटत नाही. अशी तुटक वाक्यं नव्या ग्राहकाला हुकूम सोडल्यासारखी वाटणार नाहीत का? जपानी पार्टी तर सुरुवातीला दोन ओळी ख्यालीखुशालीच्या लिहिते.

रंकाळा : त्या दोन ओळी जरूर लिहा, पण वेगळ्या परिच्छेदात, तारीख किंवा मागणी त्यांत मिसळू नका. बाकी तुमची शंका रास्त आहे. किती ओळी सौजन्याच्या हे त्या ग्राहकाच्या पहिल्या मेलवरून ठरवावं लागतं, त्याला नियम सापडत नाही.

उद्यमनगर : इंग्लंडच्या ग्राहकाला मात्र मी ‘गेट बॅक’च लिहिणार.

रंकाळा : तिथं चालेल. फक्त ती मेल पुढं त्यांच्या पोलंडच्या कारखान्यात फॉरवर्ड होते का, ते बघा.

शिरोलीकर : मेल बदलून पाठवतोय. ‘क्वोटेशन’ लिहू की ‘ऑफर’? त्यांच्या मेलमध्ये ‘ऑफर’ असतं.

कागल पंचतारांकित : ‘ऑफर’ लिहा. जर्मनमध्ये भावपत्रकाला ‘अँगेबोट’ म्हणतात, त्याचंच ते इंग्रजी करतात. त्यांचा शब्द आहे तर तोच वापरा आणि सोबत ऑफर नंबर टाका.