टार्गेट हिरवं आहे म्हणून पगार वाढवा : असा मेल पाठवावा का?

खराडीकर
चार वर्षं एकाच सपोर्ट प्रोसेसमध्ये आहे, सीटीसी ५.४ लाख. येत्या सोमवारी, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मॅनेजरला मेल टाकतोय. मजकूर साधारण असा : "गेल्या चारही तिमाहींत एएचटी, सीसॅट आणि क्यूए ही तिन्ही टार्गेट मी पूर्ण केली आहेत. सोबत डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. माझ्या पगारात २० टक्के वाढ व्हावी ही विनंती." प्रत्येक तक्रारीला लागणारा वेळ, ग्राहकांचं समाधान, कामाचा दर्जा, सगळे चौकोन हिरवे आहेत, त्यांना नाही म्हणायला जागाच नाही. एचआरला सीसीत ठेवू का?

नाइटशिफ्ट_ऑप्स
"नाही म्हणायला जागाच नाही" हे वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. दर एप्रिलमध्ये मला असले मेल येतात आणि प्रत्येकाला तोंड लपवून उत्तर द्यावं लागतं.

अरे बाबा, तो डॅशबोर्ड मी रोज सकाळी क्लायंटच्या कॉलआधी उघडतो. त्याचाच फोटो काढून तू मलाच पाठवणार, तर त्यात मला नवीन काय कळणार? हिरवा चौकोन म्हणजे ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालं. आमच्याकडे त्याला रेटिंग ३ म्हणतात आणि ३ ला सरसकट वाढ मिळते. टीममधल्या १४ पैकी १०-११ जण हिरवेच असतात.

आता पैशाचं बघ. समजा १४ जणांचा वर्षाचा पगार मिळून ७५ लाख आहे आणि वरून ८ टक्के आलेत, म्हणजे वाटायला ६ लाख. तुला २० टक्के दिले तर १ लाख ८ हजार गेले. उरलेल्या ४ लाख ९२ हजारांत तेरा जण, म्हणजे त्यांना सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. हे मी करू शकतो, नाही असं नाही. पण मग त्या तेरांपैकी कोणाचं कापलं आणि का, हे मला बिझनेस हेडला लेखी सांगावं लागतं. तुझे स्क्रीनशॉट तिथे कामाचे नाहीत, कारण त्या तेरांतल्या बहुतेकांचेही चौकोन हिरवेच आहेत.

आणि हा ६ लाखांचा आकडा आमच्याकडे फेब्रुवारीतच बंद होतो. एप्रिलमध्ये मेल आला की माझ्या हातात फक्त सहानुभूती उरते.

सीसीत एचआर अजिबात नको. तो मेल विनंतीचा न राहता तक्रारीचा होतो.

माळरान
व्वा! म्हणजे आकडा फेब्रुवारीत बंद होतो हे तुम्हाला माहीत, एचआरला माहीत, फक्त ज्याचा पगार आहे त्यालाच माहीत नाही. फेब्रुवारीत कधी टीमला बसवून सांगितलंत? आम्हाला कायम "अप्रेझलच्या वेळी बोलू" हेच ऐकवतात, आणि अप्रेझलच्या वेळी "आता उशीर झाला".

खराडीकर, स्क्रीनशॉट जरूर काढ. माझा मॅनेजर डिसेंबरमध्ये नोकरी सोडून गेला. नव्याने विचारलं, "तुझं आधीच्या सहामाहीचं काय होतं?" आमचा डॅशबोर्ड चालू तिमाहीपुरताच दिसायचा, मागचं काढायला रिपोर्ट बनवणाऱ्या एमआयएसवाल्यांच्या विनवण्या. माझ्याकडे फोटो होते म्हणून रेटिंग वाचलं. तोंडी आश्वासनं मॅनेजरबरोबर निघून जातात.

नाइटशिफ्ट_ऑप्स
मॅनेजर बदलला तर मागचे आकडे जपून ठेवावेत, एवढं मान्य. पण जपून ठेवणं वेगळं आणि मेलला जोडणं वेगळं.

जोडायचेच असतील तर त्यात काय दिसतं ते आधी बघा. तारखांचा फिल्टर कुठला आहे? सीसॅट ९२ टक्के म्हणता, पण किती प्रतिसादांवर? मागच्या महिन्यात माझ्याकडच्या एकाचा असाच ९२ होता. तिकिटं सहाशे, प्रतिसाद ३८, त्यात ३५ खूश. त्या ३५ पैकी तिघे नाराज निघाले असते तर तो ८४ वर येतो आणि ८५ चं टार्गेट हुकतं. माझ्या वरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो.

एफसीआरचं, म्हणजे पहिल्याच संपर्कात तिकीट सुटण्याचं, तर विचारूच नका. आमच्याकडे ग्राहक सात दिवसांत परत आला तर पहिलं तिकीट सुटलं असं धरत नाहीत. म्हणजे ३१ तारखेला काढलेल्या फोटोत शेवटच्या आठवड्याची तिकिटं सुटलेली दिसतात आणि ७ तारखेपर्यंत त्यातली काही गळतात. फोटोत एक आकडा, रिपोर्टमध्ये दुसरा. खोटं कोणीच बोललेलं नसतं, पण संशय मेल पाठवणाऱ्यावर येतो.

एएचटी कमी असेल तर क्यूएवाले लगेच बघतात की अवघड तिकिटं दुसऱ्या क्यूमध्ये ढकललीत का.

औषधवाला_रत्नागिरी
मी एमआर आहे, आमच्याकडे तिकिटं नसतात, पण कथा तीच. सलग तीन तिमाह्या टार्गेटच्या वर. मी हौसेने सेकंडरी सेल्सचा तक्ता जोडून मेल केला. एरिया मॅनेजरने "शाब्बास" म्हणून वर पाठवला. पुढच्या तिमाहीत माझ्या टेरिटरीचं टार्गेट १८ टक्क्यांनी वाढलं आणि पगार होता तिथेच. शेजारच्या टेरिटरीतला दर तिमाहीला १०१ टक्क्यांवर थांबतो, जादाचे ऑर्डर पुढच्या महिन्यात ढकलतो, आणि सुखात आहे. पुरावा देताना आपण काय सिद्ध करतोय ते बघा. मी सिद्ध केलं की टार्गेट सोपं होतं.

भाऊसाहेब_निवृत्त
अर्ज नेहमी योग्य मार्गे करावा, प्रत वरिष्ठ कार्यालयास द्यावी व पोच घ्यावी. आमच्या खात्यात वर्षाला ३ टक्के वेतनवाढ आपोआप लागत असे, महागाई भत्ता वेगळा. फोटो जोडायची वेळ कधी आली नाही. आपल्या कंपनीत वेतनश्रेणी निश्चित केलेली नाही काय?

माळरान
भाऊसाहेब, खासगीत पोच घेतली की दुसऱ्या दिवसापासून नोटीस पीरियड मोजायला लागतात.

भाऊसाहेब_निवृत्त
मी विनोद केलेला नाही.

अपर्णा_पेरोल
सगळे २० टक्के २० टक्के करताय, पण खराडीकर, त्यातले हातात किती येणार हे मोजलंय का? ५.४ लाखांचे २० टक्के १,०८,०००, म्हणून तुमच्या डोक्यात महिना ९,००० असणार. तुमच्याकडे १० टक्के व्हेरिएबल असेल तर १०,८०० तिकडे गेले. बेसिक सीटीसीच्या निम्मा धरला तर तो ५४,००० ने वाढेल. त्यावर ४.८१ टक्क्यांनी साधारण २,६०० ग्रॅच्युइटीच्या नावाने सीटीसीतच बसणार. पीएफ पूर्ण बेसिकवर असेल तर कंपनीचा ६,४८० आणि तुमचा ६,४८०. राहिले ८१,६०० च्या घरात, म्हणजे महिना ६,८००.

माळरान
आणि नव्या श्रमसंहितांनी त्यातलेही जाणार. नोव्हेंबर २०२५ पासून बेसिक निम्मा करायलाच लागतो, म्हणजे प्रत्येकाचा पीएफ वाढला आणि हातातला पगार कमी झाला. वाढ मागायची आणि तीही सरकारने काढून घ्यायची.

अपर्णा_पेरोल
"प्रत्येकाचा" नाही. भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा, असा तो नियम आहे. पण तुमच्या स्लिपवर पीएफ १,८०० असेल तर कंपनी १५,००० च्या मर्यादेवर कापते आहे आणि ती कपात तशीच राहू शकते. खराडीकरांचं तसं असेल तर पीएफ वाढणारच नाही आणि महिना ७,९०० च्या जवळ पडतील. पेस्लिप न बघता घाबरवू नका.

माळरान
माझा १,८०० नाही, पूर्ण बेसिकवर कापतात. मी माझं सांगतोय.

अपर्णा_पेरोल
मग "माझा" म्हणा. आणि तुम्ही ज्याला गेला म्हणताय तो पैसा तुमच्याच खात्यात जातो, कंपनीच्या हिश्शासकट.

माळरान
खाते उघडून घरभाडं देता येतं का, मॅडम? खराडीत वन बीएचकेचं भाडं विचारून या.

नाइटशिफ्ट_ऑप्स
पीएफचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. मुलगा सोमवारी मेल पाठवणार आहे.

औषधवाला_रत्नागिरी
नाही नाही, चालू द्या. अपर्णाताई, व्हेरिएबल १० टक्के लिहिलेलं असतं पण मिळतं किती? आमच्याकडे १०० टक्के कधीच नाही.

अपर्णा_पेरोल
ऑफर लेटरमध्ये "कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून" असं असेल तर तुमचे सगळे चौकोन हिरवे असूनही कमी मिळू शकतं. म्हणून वाढ मागताना "फिक्स्डमध्ये इतकी" असं लिहावं. नुसते टक्के लिहिले तर समोरचा सोयीची बाजू धरतो.

खराडीकर
इथे मलाच बोलायला जागा उरली नाही. मी नुसता हिरवा नाहीये, म्हणून चिडचिड होते. जूनपासून रात्रीची एस्कलेशन्स मी घेतोय, कारण टीम लीडची जागा रिकामी आहे. पाच नव्या मुलांना मी तयार केलं. हे डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही. उलट मुलांना शिकवण्यात वेळ गेला म्हणून ऑक्टोबरमध्ये माझा एएचटी टार्गेटला घासून पास झाला.

नाइटशिफ्ट_ऑप्स
मग हे मेलमध्ये का नाही?! पहिल्या ओळीत हे हवं.

ऐक. तुझा मेल मॅनेजर वाचून ठेवणार नाही, वर पाठवणार. म्हणून अर्धं पान लिही. जूनपासून टीम लीडचं कोणतं काम करतोस, एस्कलेशन्स किती आणि त्यातली क्लायंटपर्यंत किती गेली. पाच मुलं किती आठवड्यांत स्वतंत्र क्यूवर आली. मग चार तिमाहींच्या चार ओळींचा तक्ता, प्रत्येक आकड्याशेजारी तारखा आणि प्रतिसादांची संख्या, खाली रिपोर्टची लिंक. ऑक्टोबरचा एएचटी आणि त्याचं कारण तूच लिही, दुसऱ्याने काढून दाखवण्याआधी. शेवटी मागणी : टीम लीडच्या बँडमध्ये घ्या, नाहीतर तोवर फिक्स्डमध्ये इतका फरक द्या. बँड बदलला तर आमच्याकडे तो पैसा त्या ६ लाखांतून जात नाही, रिकाम्या जागेच्या बजेटमधून येतो. एप्रिल असूनही दार उघडं आहे ते एवढंच.

स्क्रीनशॉट नकोत. तुझ्या फोटोत रँकिंगमध्ये बाकी तेरांची नावं आणि खाली ग्राहकांची तिकिटं असणार. स्वतःच्या जीमेलवर पाठवलेस तर पगारवाढ राहील बाजूला, इन्फोसेकचा मेल आधी येईल.

माळरान
म्हणजे दहा महिने टीम लीडचं काम फुकटात करून घेतलं हे मॅनेजरला दिसलं नव्हतं? रोज सकाळी डॅशबोर्ड दिसतो, रिकामी खुर्ची दिसत नाही? याला शिकवताय मेल कसा लिहावा. कंपनीला शिकवा ना.

नाइटशिफ्ट_ऑप्स
दिसलं असणार. जागा रिकामी ठेवून काम चालतंय हे वरही दिसलं असणार, आणि म्हणूनच ती भरली जात नसेल. आता खूश?

माळरान
खूश नाही, पण निदान एकदा तरी खरं बोललात.

औषधवाला_रत्नागिरी
खराडीकर, नुसता मेल नको. आधी पंधरा मिनिटं समोर बसून बोल, मग "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून मेल टाक.

खराडीकर
मॅनेजर बंगळुरूत बसतात, कॉलवरच बोलावं लागेल. एस्कलेशन्सची संख्या एमआयएसकडे मागितली आहे, तोपर्यंत मेल थांबवतो. २० टक्के मात्र कमी करणार नाही. आणि अपर्णाताई, स्लिप बघितली, पीएफ १,८०० च आहे.

अपर्णा_पेरोल
मग ७,९०० धरा. व्हेरिएबल सोडून.

भाऊसाहेब_निवृत्त
पोच घ्यावी.