चेकआउटला बॅक, रिफ्रेश आणि एकाच्या दोन ऑर्डरी: तुमचे अनुभव सांगा

कळफलक

माझं छोटं ऑनलाइन दुकान आहे. दर महिन्याला दोन-तीनदा असं होतं की एकाच गिऱ्हाइकाच्या लागोपाठ नंबरच्या दोन ऑर्डरी पडतात. सामान तेच, पत्ता तोच, आणि पैसेही दोनदा कापलेले. विचारलं की उत्तर ठरलेलं: "नुसतं गोल फिरत होतं, म्हणून मागे जाऊन पुन्हा दाबलं." सुरुवातीला मी निमूटपणे दोन्ही पार्सलं रवाना करायचे. पुढे "पेमेंट सुरू असताना बॅक किंवा रिफ्रेश दाबू नये" अशी लाल अक्षरांतली पाटी लावली. काडीचा फरक पडला नाही. ज्याच्यासमोर पान अडकलंय तो पाटी वाचत बसत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले.

तुमच्याकडे असं झालंय का? नक्की कुठे चुकत होतं, ते कसं शोधलंत? दुकानदार, प्रोग्रॅमर, ग्राहक, सगळ्यांनी लिहा.

अर्धविराम

यात एवढं काय आहे? बटण एकदा दाबलं की ते बंद करून टाकायचं, दोन ओळींचं काम. आमच्याकडे त्यानंतर एकही दुहेरी ऑर्डर आलेली नाही.

खटपट्या

अर्धविराम, मीही एकदा हेच जाहीर केलं होतं. एकदा नाही, तीनदा "झालं दुरुस्त" म्हणालो आणि तीनदा तोंडघशी पडलो. जरा सविस्तर लिहितो, कारण प्रत्येक वेळी चूक वेगळी होती.

सुरुवातीला दुहेरी ऑर्डरींची यादी काढली आणि प्रत्येक जोडीत किती वेळाचं अंतर आहे ते पाहिलं. सरळ दोन टोळ्या दिसल्या. काही जोड्या एक-दोन सेकंदांच्या आत पडलेल्या. ही घाईघाईने दोनदा दाबणारी मंडळी. बाकीच्या अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या, म्हणजे कंटाळून मागे गेलेली किंवा रिफ्रेश केलेली. बटण बंद केल्यावर पहिली टोळी गायब झाली, दुसरी जशीच्या तशी राहिली. साहजिकच आहे, रिफ्रेश केलं की पान नव्याने येतं आणि बटणही पुन्हा ताजंतवानं असतं.

मग ऑर्डर नोंदवून झाल्यावर तिथेच पावती न दाखवता `303` देऊन ग्राहकाला वेगळ्या पावतीच्या पानावर पाठवायला लागलो. आता पावतीवर कितीही रिफ्रेश करा, फक्त पावती पुन्हा दिसते. फॉर्म पुन्हा पाठवायचा का, हा ब्राउझरचा प्रश्नही गेला. पण हे रक्षण ऑर्डर पूर्ण झाल्यानंतरचं. आमच्या गेटवेला, म्हणजे कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेला, कधीकधी पंधरा-वीस सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ ग्राहक जुन्याच पानावर. तिथे रिफ्रेश केलं की ब्राउझर आपली विनंती सोडून देतो, पण सर्व्हर बहुतेक वेळा सोडत नाही. त्याचं काम चालूच राहतं. पैसे कापले जातात, ऑर्डर नोंदली जाते, आणि ऐकायला पलीकडे कोणी नसतं. ग्राहकासमोर मात्र कोरा चेकआउट.

तिसऱ्या वेळी फॉर्ममध्ये एक लपवलेला टोकन, म्हणजे एकदाच वापरायचा खुणेचा क्रमांक, टाकला. तोच टोकन दुसऱ्यांदा आला तर नवी ऑर्डर करायची नाही. दुहेरी ऑर्डरी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत, आणि ज्या येत होत्या त्यांना काही ताळतंत्रच दिसेना. चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी लॉगमध्ये एका जोडीच्या दोन्ही विनंत्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की टोकन वेगवेगळे आहेत. मी टोकन पान तयार होताना बनवत होतो आणि चेकआउटच्या पानाला `Cache-Control: no-store`, म्हणजे पान साठवून ठेवू नको असा ब्राउझरला निरोप, लावलेलं होतं. त्यामुळे बॅक दाबलं की पान सर्व्हरकडून नव्याने यायचं आणि सोबत नवा टोकन घेऊन यायचं. रिफ्रेशचंही तेच. एखाद्या ब्राउझरने जुनं पान स्मरणातून जसंच्या तसं उचललं तर टोकन जुना असायचा आणि दुसरी ऑर्डर अडायची. म्हणून सगळं लहरीवर चालल्यासारखं वाटत होतं.

म्हणजे टोकन असणं पुरत नाही. तो कशाला बांधलाय हे महत्त्वाचं. पानाला नको, कार्टला बांधा. कार्ट बॅकने बदलत नाही, रिफ्रेशने बदलत नाही, दुसऱ्या टॅबमध्येही तीच राहते. आणि एका कार्टची एकच ऑर्डर, ही राखण डेटाबेसकडेच द्या:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_order_per_cart
ON orders (cart_id);
```

ऑर्डरची ओळ आधी घालायची आणि गेटवेला हाक त्यानंतर. दुसरी विनंती आली की डेटाबेसच तिला नकार देतो. त्या वेळी ग्राहकाला चूक दाखवायची नाही, आधीच्या ऑर्डरचं पान दाखवायचं. "तुमची ऑर्डर घेतली आहे, पेमेंटची खात्री होते आहे." त्याला एवढंच हवं असतं.

अर्धविराम

बरं, मान्य, माझ्याकडे बहुतेक पहिलीच टोळी असावी. पण इंडेक्स वगैरे कशाला? गेल्या पाच मिनिटांत त्याच ग्राहकाची, त्याच रकमेची ऑर्डर आहे का ते बघा आणि असेल तर अडवा.

दोन_पत्ते

कृपा करून असं करू नका! मी एकच वस्तू दोन बहिणींना भेट म्हणून दोन पत्त्यांवर पाठवत होते. पहिली ऑर्डर झाली, दुसरी काही केल्या होईना. "ही ऑर्डर आधीच दिलेली आहे" असंच येत राहिलं. शेवटी वैतागून दुसऱ्या दुकानातून घेतलं.

खटपट्या

हा एक धोका, आणि दुसरा असा की "आधी बघा, मग घाला" यात फट राहते. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोघी बघतात, दोघींना काही सापडत नाही आणि दोघी ऑर्डर घालतात. चाचणीत हे दिसणार नाही, गर्दीच्या दिवशी दिसेल.

वैताग२४

माझ्याकडूनही दोनदा पैसे घेतले. एका ॲपची वर्गणी बंद केली होती तरी पुढच्या महिन्याचे कापले. अशांवर तक्रार कुठे करायची?

कळफलक

वैताग२४, तुमचा प्रश्न वेगळा आहे हो. तुमच्याकडे वर्गणी बंद झाल्याची नोंदच झाली नसावी. इथे एकाच खरेदीचे दोनदा कापल्याचं चाललंय. बंद केल्याचा ईमेल आला होता का, तो आधी शोधा.

रात्रपाळी

मी एका मोठ्या दुकानाच्या ग्राहकसेवेत होते. "पैसे दोनदा गेले" असा फोन आला की मी आधी आमच्याकडे ऑर्डरी किती आहेत ते बघायचे, मग गेटवेच्या डॅशबोर्डवर व्यवहार किती आहेत ते. हे दोन आकडे नेहमी जुळतातच असं नाही. पुष्कळदा दोनपैकी एक रक्कम बँकेने नुसती रोखून धरलेली असते. कापलेली नसते. आम्ही ती मागितलीच नाही की काही दिवसांनी आपोआप मोकळी होते. ग्राहकाच्या मोबाइलवर मात्र दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. नवीन मुलं घाबरून लगेच परतावा द्यायला धावायची आणि नेमकी खऱ्या ऑर्डरची रक्कम परत करून बसायची. मग सामानही गेलं आणि पैसेही.

मीच_तो_ग्राहक

बॅक दाबणारा गुन्हेगार हजर आहे. माझी बाजूही ऐका. प्रवासात होतो, नेटवर्क येत-जात होतं. दाबलं, गोल फिरलं, पान कोरं. मागे गेलो तर कार्ट भरलेली! कार्ट भरलेली आहे याचा अर्थ ऑर्डर झाली नाही, असाच कोणीही लावेल ना? पुन्हा दाबलं. दोन पार्सलं आली. दुकान दोन दिवस उत्तर देईना म्हणून मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी दुकानाने परतावा दिला आणि काही आठवड्यांनी बँकेनेही दिला. मी प्रामाणिकपणे कळवलं, पण जास्तीचे पैसे परत करायला मलाच आणखी चार ईमेल लिहावे लागले.

जमाखर्च

वरच्या किश्शाची आमच्या वह्यांतली बाजू: बँकेत तक्रार पडलेली असेल तर परतावा देण्याआधी ती तपासा, नाहीतर तीच रक्कम दोनदा जाते, वर तक्रारीचा दंड. परतावा दिला तरी गेटवेची फी सहसा परत मिळत नाही. म्हणून पैसे अजून नुसते रोखलेले असतील तर तो व्यवहार तिथेच रद्द करणं स्वस्त पडतं. साठ्यातूनही माल दोनदा वजा झालेला असतो, तोही आठवणीने परत चढवावा लागतो.

आणि एक गंमत. एका महिन्यात विक्रीचा अहवाल फुगलेला आणि बँकेत तेवढे पैसे नाहीत. ऑर्डर एकच होती. लोक "धन्यवाद"च्या पानावर रिफ्रेश करत होते आणि मोजणीचा कोड दर वेळी एक विक्री वाढवत होता.

कळफलक

खटपट्या, तुमचं वाचून आमच्या प्रोग्रॅमरला इंडेक्स लावायला सांगितला. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी वेगळीच तक्रार: एकीचं कार्ड नाकारलं गेलं, तिने दुसरं कार्ड टाकलं, तरी तोच नकार.

खटपट्या

हा खड्डा मलाही लागला होता, वर लिहायचा राहिला. तुम्ही गेटवेलाही कार्टचाच क्रमांक `Idempotency-Key` म्हणून, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर ओळखता यावी अशी खूण म्हणून, पाठवत असणार. ते बरोबरच आहे. पण काही गेटवे त्या कीसाठी पहिलं जे उत्तर दिलं तेच जपून ठेवतात, नकारसुद्धा, आणि तीच की पुन्हा आली की जुनं उत्तर परत देतात. स्ट्राइपचं असंच आहे, आणि रक्कम बदलून तीच की पाठवली तर तो चूक दाखवतो.

मी कीला प्रयत्नाचा क्रमांक जोडला, `cart-8841-1`, मग `cart-8841-2`. पण क्रमांक कधी वाढवायचा तेच कळीचं आहे. गेटवेने स्पष्ट "नाही" म्हटलं तरच. वेळ संपली, उत्तरच आलं नाही, तर क्रमांक तोच ठेवून पुन्हा विचारायचं, कारण पैसे कापले गेले असण्याची शक्यता तिथेच जास्त. घाईत उलटं केलं की पुन्हा दोनदा कापणं आलंच.

रात्रपाळी

आणि जिथे ग्राहक गेटवेच्याच पानावर जातो तिथे? तिथून बॅक करून येतो, दुसऱ्यांदा पैसे भरतो, आणि मग बँकेच्या ॲपमध्ये पहिलंही मंजूर करून टाकतो. ऑर्डर एकच, पैसे दोनदा.

खटपट्या

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. गेटवे देत असेल तर नवा प्रयत्न सुरू करताना आधीचं पेमेंट सत्र बंद करतो. तरी मधल्या काही सेकंदांत निसटतंच. भरलेल्या ऑर्डरवर दुसरं पेमेंट आलं तर आपोआप परतावा टाकतो आणि ग्राहकाला लगेच ईमेल जातो. आपोआप करावं की आधी माणसाने बघावं, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

जमाखर्च

माणसानेच बघावं. आपोआप परताव्याने चुकीची रक्कम गेलेली मी पाहिली आहे.

कळफलक

प्रयत्नाचा क्रमांक लावून पाच आठवडे झाले. लाल पाटी काढून टाकली. त्या जागी आता "ऑर्डर झाली का ते इथे बघा" असा दुवा आहे आणि तो बराच दाबला जातो. या काळात एकच जोडी पडली, कार्ट वेगवेगळ्या आणि मध्ये अकरा मिनिटं. ताईंना फोन केला. एक ऑर्डर त्यांनी दिली होती आणि दुसरी त्यांच्या यजमानांनी, आपापल्या फोनवरून.