मदत हवी आहे: मॉनिटरवरून काढलेल्या बिलाच्या फोटोतले पट्टे आणि चमक कशी घालवायची?

हिशेबताई
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कर सल्लागारांकडे काम करते. आमचा एक क्लायंट हार्डवेअरच्या दुकानातून माल घेतो, तिथला प्रिंटर कायम बंद, मग हा गडी काउंटरवरच्या मॉनिटरचाच मोबाईलने फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा होतो. अशी चाळीसेक बिलं साठलीत. मी पायथनमध्ये ओपनसीव्ही आणि टेसरॅक्ट लावून आकडे एक्सेलमध्ये घेते, कागदी बिलांना झकास चालतं पण इथे पार बोऱ्या वाजलाय. सगळ्या फोटोवर इंद्रधनुष्यासारखे वाकडेतिकडे पट्टे, आणि वर उजवीकडे ट्यूबलाइटचा पांढराफटक डाग, तो पण नेमका जीएसटी नंबरच्या शेवटच्या अक्षरावर! एका बिलात करपात्र रक्कम 2,840.00 आहे ती 2,640.00 आली, नशीब माझी नजर गेली. ब्लर करून बघितलं तर अक्षरंच पुसट होतात, शार्पन केलं तर पट्टे अजून उठून दिसतात. काय करू?

चहाबाज
सोप्पंय. `medianBlur` 5 चा मारा, पट्टे गायब. चमकेसाठी 250 च्या वरचे पिक्सेल पकडून मास्क करा आणि `cv2.inpaint` चालवा, डाग कुठे होता ते कळणारपण नाही. मी पार्किंगच्या पावत्यांना हेच केलंय.

मंजिरी_पुणे
अगदी हेच माझ्या आईच्या लग्नपत्रिकेचं झालं होतं! स्कॅन केली तर गणपतीवर नुसती जाळी. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये डीस्क्रीन म्हणून ऑप्शन होता तो लावल्यावर गेली. तुमच्या स्कॅनरला बघा आहे का.

हिशेबताई
मंजिरीताई, स्कॅनर नाहीये हो यात, मोबाईलने स्क्रीनचा फोटो आहे. चहाबाज, करून बघते.

पिक्सेलपंत
मंजिरीताईंचं अगदीच अवांतर नाही, पत्रिकेच्या छपाईतले ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर पडते, इथे मॉनिटरच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी. खिडकीला मच्छरदाणीचे दोन थर लावले की लाटा दिसतात ना, तसंच.

चहाबाज, इनपेंट मात्र बिलावर अजिबात वापरू नका. ते आजूबाजूचा रंग बघून भोक बुजवतं, खालचं अक्षर परत आणत नाही. डागाखाली आकड्याचं टोक असेल तर तिथे स्वच्छ पांढरी जागा होते, टेसरॅक्टला वाटतं आकडा तिथेच संपला, आणि चूक झालीय हे तुम्हाला कळतच नाही. डाग दिसत होता तेव्हा निदान संशय तरी यायचा.

पट्ट्यांचं म्हणाल तर आधी फोटो मोठा करून बघा की पट्टे किती रुंद आहेत, सगळं त्यावर आहे. अगदी बारीक जाळी असेल, अक्षराच्या रेघेपेक्षा बारीक, तर ब्लर करत बसू नका, फोटो लहान करा, `INTER_AREA` ने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी होऊन जाळी आपोआप मरते. फक्त लहान केल्यावर कॅपिटल अक्षराची उंची साधारण 30 पिक्सेल राहिली पाहिजे, त्याच्या बऱ्याच खाली गेलात तर टेसरॅक्ट गडबडतं. याउलट रुंद पट्टे, म्हणजे तीनचार अक्षरं झाकणारे, ते कुठल्याच ब्लरने जात नाहीत. त्यांना कागदावरची सावली समजा आणि पार्श्वभूमीने भागाकार करा. इंद्रधनुष्याचे रंग ग्रेस्केल केलं की बरेचसे जातात.

```python
g = cv2.imread("bill.jpg", 0)
g = cv2.resize(g, None, fx=0.5, fy=0.5,
               interpolation=cv2.INTER_AREA)
bg = cv2.dilate(g, np.ones((15, 15), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
out = cv2.divide(g, bg, scale=255)
```

हे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांसाठी आहे, बिलिंग सॉफ्टवेअरचा स्क्रीन काळा असेल तर आधी उलटा करून घ्या.

चहाबाज
मान्य, इनपेंटचं मी विचार नव्हता केला. पण पट्टे रेघेइतकेच रुंद असतील तर?

पिक्सेलपंत
मग खरी पंचाईत. तेव्हा लोक फूरिये करून त्यातले चमकते ठिपके झाकतात. फोटो सरळ समोरून काढला असेल आणि पट्टे सरळ, सारख्या अंतरावर असतील तर जमतं. पण हिशेबताईंचे पट्टे वाकडे आहेत, म्हणजे ठिपके फिसकटलेले असणार, झाकता झाकता अक्षरं पण जातील. ओळींमधल्या अंतराचेही ठिपके मध्याजवळ उभ्या रेषेत येतात, नवीन माणूस हमखास तेच पुसून बसतो.

हिशेबताई
पंत, तुमचा कोड चालवला, `--psm 6` लावून. मूळ फोटोत अक्षरं 70 पिक्सेलच्या आसपास होती, अर्धा केल्यावर 35. चाळीसातली 31 बिलं नीट वाचली, 2,840 चे 2,840 च आले! आता तपासायला एक युक्ती केलीय, दुकानाचा सगळा माल 18 टक्क्यांचा, तर करपात्र रकमेचे 9 टक्के काढून सीजीएसटीच्या आकड्याशी ताडते. 2,840 वर 255.60 बिलात होते, चुकीच्या 2,640 वर 237.60 निघतात, लगेच लाल होतं. राहिलेल्या नवांत सहा चमकवाले, तीन अगदी पुसट.

पिक्सेलपंत
झकास. पुसट तीन व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेले असतील, फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि जेपीईजीचे चौकोन पट्ट्यांत मिसळतात. क्लायंटला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव.

चमकेचं काम एका फोटोत होत नाही, पांढऱ्याफटक डागात माहितीच नसते. पुढच्या वेळी त्याला जागेवरून हात-दीड हात सरकून दोन फोटो काढायला सांगा, डाग सरकतो, अक्षरं तिथेच राहतात. मग दोन्ही फोटो एकमेकांवर बसवून प्रत्येक जागी जो पिक्सेल काळा तो घ्या, `np.minimum`. चमक फक्त उजेड वाढवते, कमी करत नाही, म्हणून हे चालतं.

चहाबाज
हे मी केलेलं एकदा, अक्षरं जाड झाली आणि 3 चा 8 झाला 😅

पिक्सेलपंत
नीट बसले नसतील. जुळवणी मूळ फोटोवर केली की ती पट्ट्यांनाच खुणा समजते, आणि पट्टे तर दोन्ही फोटोत वेगळे. आधी जाळी घालवा, मग जुळवा. मॉनिटर सपाट असेल तर होमोग्राफी पुरते, वक्र मॉनिटरला नाही. आणि मिनिमममध्ये दोन्ही फोटोंचे काळे पट्टे गोळा होतात, म्हणून भागाकार आधी. पाच फोटो मिळाले तर मिनिममऐवजी मीडियन घ्या, चमक आणि पट्टे दोन्ही पातळ होतात.

मंजिरी_पुणे
मी म्हणते ट्यूब बंद करून फोटो काढला तर?

पिक्सेलपंत
😀 ताई, सगळ्यात बेस्ट उपाय हाच. ब्राइटनेस फुल, ट्यूब बंद, आणि मोबाईल थोडा मागे-पुढे करून पट्टे कमी दिसतील तिथे क्लिक.

हिशेबताई
दुकानदार ट्यूब बंद करेल असं वाटत नाही, पण विचारते. जुन्या सहांचं काय, ते परत काढता येणार नाहीत. जीएसटी नंबरचं पंधरावं अक्षर पहिल्या चौदांवरून काढता येतं ना? मी तेच भरू का?

पिक्सेलपंत
येतं, पण ते अक्षर चौदा बरोबर वाचलेत का हे तपासायलाच असतं. तेच तुम्ही गणिताने भरलं तर तपासणी उरलीच नाही, आधी कुठे 8 चा बी झाला असेल तर चुकीच्या नंबरला बरोब्बर शेपूट लागेल. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून दुकानाचं नाव येतंय का बघा.

हिशेबताई
बघितलं. पाचांवर दुकानाचंच नाव आलं. सहाव्यात डाग तेराव्या अक्षरापासून पुढे आहे, आणि दुकान तर तेच, पण मालकाच्या नावावर त्याच पॅनवर दोन नंबर आहेत म्हणे. क्लायंटला उद्या दुकानात पाठवतेय.